पावडरीच्या दुधाचा ग्लास : चमचे किती, सत्त्व किती

उन्हाळ्यात गाय आटली, की पुष्कळ घरांत दूध पावडरीचं पाकीट येतं. मग कुणी ग्लासभर पाण्यात एक चमचा टाकतं, कुणी चार टाकतं. ग्लास दोन्हीकडे पांढराच दिसतो. पण त्या ग्लासात नेमकं काय उतरलं? आज आपण तेच मोजून बघू.

डेअरीवर दूध घालणाऱ्या आपल्या बहिणींना हा हिशोब निम्मा पाठच असतो. गायीच्या दुधाला साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ लागला, म्हणजे शंभर भाग दुधात बारा भाग घट्ट माल आणि बाकी अठ्ठ्याऐंशी भाग पाणी. फॅट म्हणजे स्निग्धांश, आपली साय-लोणी. एसएनएफमध्ये प्रथिनं, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, आणि थोडे क्षार असतात. पावडर करताना कारखान्यात यातलं पाणी उडवतात आणि घट्ट माल तेवढा ठेवतात. म्हणजे २०० मिलीच्या ग्लासाला दुधासारखं दूध हवं असेल, तर साधारण २४ ग्रॅम पावडर लागणार.

आता २४ ग्रॅम म्हणजे किती चमचे? इथेच सगळं घोटाळ्यात जातं. शिगोशिग भरलेला चमचा आणि सुरीच्या पाठीने सपाट केलेला चमचा यांत दीडपट-दुप्पट फरक पडतो. चमचे घरोघरी वेगळे, आणि एक पावडर भुसभुशीत तर दुसरी दाबून बसलेली. म्हणून एकदाच एक काम करा. गटाकडे किंवा किराणा दुकानात ग्रॅम दाखवणारा काटा असतो. त्यावर रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणा, आपल्या घरच्या चमच्याने दहा सपाट चमचे पावडर त्यात टाका, आणि आलेल्या वजनाला दहाने भागा. एकच चमचा तोलू नका, एवढ्या कमी वजनाला काटा चुकतो. पाकिटाचा ब्रँड बदलला की पुन्हा तोलायचं.

समजा सुमनताईंच्या चमच्यात ८ ग्रॅम पावडर बसली. (सुमनताई आपल्या कार्यक्रमातल्या, हिशोबापुरत्या.) त्यांनी सायीसकट दुधाची, म्हणजे फुल क्रीम पावडर आणली. पाकिटाच्या मागे तक्ता असतो, तो शंभर ग्रॅम पावडरीचा असतो. अशा पावडरीत साधारण २६ ग्रॅम प्रथिनं, २७ ग्रॅम स्निग्धांश आणि ३८ ग्रॅम लॅक्टोज असतं. तीन चमचे म्हणजे २४ ग्रॅम. २६ ला २४ ने गुणा आणि शंभराने भागा : प्रथिनं सव्वासहा ग्रॅम. तसंच स्निग्धांश साडेसहा ग्रॅम आणि लॅक्टोज नऊ ग्रॅम. त्यात १८० मिली पाणी घातलं की ग्लास भरतो, आणि तो गायीच्या दुधाच्या अगदी जवळ जातो.

त्याच सुमनताईंनी काटकसर म्हणून एकच चमचा टाकला, तर प्रथिनं दोन ग्रॅमवर येतात. रंग मात्र पांढराच! पावडरीतले प्रथिनांचे आणि स्निग्धांशाचे बारीक कण उजेड विखुरतात, त्यासाठी थोडी पावडरही पुरते. म्हणून रंगावरून दूध ओळखता येत नाही. आणि पाणी कमी-जास्त केल्याने ग्लासातलं सत्त्व वाढत नाही की घटत नाही. तीन चमचे अर्ध्या ग्लासात कालवले काय आणि दोन ग्लासांत कालवले काय, प्रथिनं सव्वासहा ग्रॅमच. फक्त दोन ग्लास दोन मुलांना दिले, तर प्रत्येकाला निम्मीच मिळाली.

आता दुसरी पावडर, बिनसायीची, पाकिटावर स्किम्ड लिहिलेली. हिच्यातला स्निग्धांश आधीच काढलेला असतो, शंभर ग्रॅममागे जेमतेम एक ग्रॅम उरतो. पण रिकामी जागा तशीच राहत नाही, तिथे बाकीचा माल येतो : प्रथिनं ३५ ग्रॅम आणि लॅक्टोज ५१ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे तेच तीन चमचे, पण ग्लासात प्रथिनं जवळजवळ साडेआठ ग्रॅम, स्निग्धांश नावाला, आणि लॅक्टोज बारा ग्रॅमच्या वर. ज्या घरात फुल क्रीमच्या सवयीने तीन चमचे पडतात, तिथे पाकीट बदललं की सासूबाईंचं पोट गुरगुरायला लागतं, आणि दोष पावडर खराब असल्यावर जातो.

पावडर खराब नसते, लॅक्टोज वाढलेलं असतं. ते पचवायला आतड्यात एक पाचकरस लागतो, आणि बऱ्याच माणसांत तो लहानपणानंतर कमी होत जातो. न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात गेलं की तिथले जंतू ते आंबवतात. मग वात धरतो, पोट फुगतं, कधी पातळ होतं. अशा माणसांपैकी बहुतेकांना एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत लॅक्टोज फारसा त्रास देत नाही, जेवणासोबत घेतलं तर त्याहून कमी. म्हणून स्किम्ड पावडर घेताना आपल्या ८ ग्रॅमच्या चमच्याने सव्वादोन चमचे घ्यावेत. तेवढ्यात प्रथिनं दुधाएवढीच मिळतात आणि लॅक्टोज नऊ ग्रॅमवर राहतं. तरी त्रास झाला तर निम्मा ग्लास सकाळी, निम्मा संध्याकाळी. किंवा त्याच दुधाचं दही लावावं, विरजणाचे जंतू लॅक्टोजचा काही भाग आधीच खाऊन टाकतात.

चहासाठी मिळते ती डेअरी व्हाइटनर ही तिसरीच वस्तू. तिच्यात बहुधा वरून साखर घातलेली असते. तक्त्यात कार्बोहायड्रेटचा मोठा आकडा दिसला, तरी ते सगळं लॅक्टोज समजू नका. त्याच्याखाली वरून घातलेल्या साखरेचा आकडा असतो, तो वजा करा. चहाला ही चालते, पण मुलाचा दुधाचा ग्लास म्हणून आम्ही ती सुचवणार नाही.

वर्षाच्या आतल्या बाळाला यातली कुठलीच पावडर दुधाच्या जागी देऊ नका. त्यातली प्रथिनं आणि क्षार बाळाच्या मूत्रपिंडाला झेपत नाहीत. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. डॉक्टरांनी बाळासाठी वेगळी पावडर सांगितलीच, तर तिच्या डब्यातलंच माप वापरायचं, आपल्या चमच्याचा हिशोब तिथे लावायचा नाही.

कालवताना पावडर एकदम ग्लासभर पाण्यात टाकली की गोळे होतात. बाहेरचा थर भिजून बंद होतो आणि आत कोरडी पावडर अडकते. गोळे तळाशी राहिले की मोजलेलं सत्त्वही तळाशीच राहतं. म्हणून पाणी उकळून कोमट होऊ द्यावं, दोन-तीन चमचे पाण्यात आधी पावडरीची गुळगुळीत पेस्ट करावी, मग ढवळत उरलेलं पाणी घालावं आणि पाच मिनिटं ठेवावं. ग्लास रिकामा झाल्यावर तळ बघा. गाळ दिसला तर पुढच्या वेळी पाणी थोडं अधिक गरम घ्या.

पाकीट उघडलं की पावडर कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि चमचाही कोरडाच घाला, कारण लॅक्टोज हवेतलं पाणी ओढतं. बोटाने फुटणारे गोळे चालतात. दगडासारखी झालेली, पिवळट-तपकिरी पडलेली किंवा जुन्या तेलासारखा खवट वास येणारी पावडर वापरू नका. खवटपणा फुल क्रीमला लवकर येतो, तिच्यात स्निग्धांश आहे ना! म्हणून तिचं लहान पाकीट घ्या, महिन्याभरात संपेल एवढं.