पिंपातले मीठ किती वेळात धुऊन जाईल?

बाजारात मिळणारे २०० लिटरचे पिंप तुम्ही पाहिले असेल. समजा, असे एक पिंप पाण्याने काठोकाठ भरले आहे आणि त्यात ७ किलोग्रॅम मीठ विरघळवलेले आहे. म्हणजे दर लिटरला ३५ ग्रॅम मीठ; जवळजवळ समुद्राच्या पाण्याइतके खारट. आता वरून नळाचे गोडे पाणी मिनिटाला ४ लिटर या वेगाने पिंपात सोडले, आणि बुडाशी असलेल्या तोटीतून तितक्याच वेगाने पाणी बाहेर जाऊ दिले. पिंपातले पाणी सतत ढवळत राहायचे. प्रश्न असा, की पाणी गोडे व्हायला किती वेळ लागेल?

हा प्रश्न मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात विचारतो आणि दरवर्षी एकच उत्तर येते : ५० मिनिटे. दोनशे भागिले चार, पन्नास! पन्नास मिनिटांत २०० लिटर पाणी बाहेर गेले, म्हणजे खारे पाणी सगळे गेले, असा हा हिशेब. उत्तर चूक आहे. पण चूक नेमकी कोठे आहे ते पाहण्याजोगे आहे.

पहिल्या मिनिटात ४ लिटर पाणी जाते. त्यात ४ × ३५ = १४० ग्रॅम मीठ जाते. उरले ६८६० ग्रॅम. पाणी मात्र अजूनही २०० लिटरच आहे. म्हणून दुसऱ्या मिनिटाच्या आरंभी खारटपणा लिटरला ३४.३ ग्रॅम असतो आणि त्या मिनिटात १३७.२ ग्रॅमच मीठ जाते. तिसऱ्या मिनिटात त्याहूनही कमी. जसजसे मीठ कमी होते, तसतसा त्याचा बाहेर जाण्याचा वेगही मंदावतो. प्रत्येक मिनिटाला असलेल्या मिठाचा पन्नासावा भाग जातो, ९८ टक्के उरते. असे पन्नास वेळा केले, तर सुमारे २.५५ किलोग्रॅम मीठ पिंपात शिल्लक राहते.

या हिशेबातही एक लबाडी आहे. मिनिटभर खारटपणा तोच राहतो असे आपण गृहीत धरले. खरे तर तो त्या मिनिटातही उतरतच असतो. मग मिनिटाऐवजी सेकंद घ्यावा, सेकंदाचाही दहावा भाग घ्यावा. कालावधी असा लहान लहान करत नेला, की जे समीकरण मिळते त्याला अवकल समीकरण म्हणतात. ते मांडण्याचा नियम एका ओळीत सांगता येतो : मिठातील बदलाचा वेग म्हणजे आत येणाऱ्या मिठाचा वेग उणे बाहेर जाणाऱ्या मिठाचा वेग. t मिनिटांनंतर पिंपात S किलोग्रॅम मीठ असेल, तर दर लिटरमध्ये S/२०० किलोग्रॅम मीठ आहे. मिनिटाला ४ लिटर जातात आणि आत येणारे पाणी गोडे आहे. म्हणून

dS/dt = ० − ४ × S/२०० = −S/५०

लिहिताना दोन्ही बाजूंची एकके ताडून पाहावीत : लिटर/मिनिट गुणिले किलोग्रॅम/लिटर म्हणजे किलोग्रॅम/मिनिट. माझ्या अनुभवाप्रमाणे निम्म्या चुका येथेच पकडल्या जातात.

आता S असलेली पदे एका बाजूला आणि t असलेली दुसऱ्या बाजूला नेऊ : dS/S = −dt/५०. दोन्ही बाजूंचे समाकलन केले, की log S = −t/५० + C मिळते (येथे log हा e या पायाचा आहे). आरंभी, म्हणजे t = ० असताना, S = ७ होते; म्हणून C = log ७. यावरून

S = ७ e^(−t/५०)

पन्नास मिनिटांनी S = ७/e = २.५८ किलोग्रॅम. मघाच्या ढोबळ हिशेबापेक्षा फरक फार नाही. परंतु एक तृतीयांशाहून अधिक मीठ अजून पिंपातच आहे! लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे एकूण ०.१ किलोग्रॅम मीठ उरले की पाणी गोडे झाले असे मानू. मग e^(t/५०) = ७० आणि t = ५० × log ७० = सुमारे २१२ मिनिटे. साडेतीन तास झाले, आणि जवळजवळ ८५० लिटर पाणी खर्ची पडले.

त्यापेक्षा पिंप रिकामेच केले तर? समजा, ओतताना बुडाशी १० लिटर पाणी राहून जाते. त्यात मिठाचा विसावा भाग राहील. पुन्हा गोड्या पाण्याने भरून पुन्हा ओतले, तर चारशेवा भाग, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. तिसऱ्यांदा नव्हे, दोनदाच भरले की काम झाले, आणि पाणी लागले अवघे ३८० लिटर. वाहत्या पाण्याच्या रीतीत आपण नुकतेच ओतलेले गोडे पाणीही खाऱ्याबरोबर घालवत असतो, हे त्याचे कारण. कपडे वाहत्या नळाखाली धरण्यापेक्षा दोन बादल्यांत खळबळणे स्वस्त पडते, तेही याच गणितामुळे.

आता नळाऐवजी विंधन विहिरीचे पाणी सोडू. त्यात लिटरला १ ग्रॅम क्षार आहेत असे धरू. क्षार आणि मीठ यांतला फरक तूर्त विसरा. मिनिटाला ४ ग्रॅम, म्हणजे ०.००४ किलोग्रॅम आत येईल :

dS/dt = ०.००४ − S/५०

उजवी बाजू शून्य केव्हा होते? S = ०.२ असताना. म्हणजे कितीही वेळ थांबलात तरी पिंपातले मीठ २०० ग्रॅमच्या खाली जाणार नाही. म्हणून मीठ शून्यापासून न मोजता ०.२ पासून मोजू. y = S − ०.२ घेतले, तर समीकरण पुन्हा पहिल्यासारखेच dy/dt = −y/५० असे होते आणि उत्तर मिळते S = ०.२ + ६.८ e^(−t/५०).

नळ ४ लिटरचाच ठेवून तोटी ५ लिटरवर उघडली, तर मात्र सावध राहावे. आता पाणी दर मिनिटाला एक लिटरने घटते, म्हणून छेदात २०० नव्हे, २०० − t लिहावे लागते. नळाचे पाणी गोडे असेल तर

dS/dt = −५S/(२०० − t), आणि यावरून S = ७ (१ − t/२००)^५

शंभर मिनिटांनी पिंप अर्धे रिकामे असते आणि मीठ ७/३२, म्हणजे ०.२२ किलोग्रॅम उरते. छेदात चुकून २०० ठेवणाऱ्याला ०.५७ मिळेल. पिंप रिते होताच, म्हणजे २०० मिनिटांनी, हे सूत्रही संपते.

या सगळ्याचा आधार एकच गृहीतक आहे : पाणी पूर्ण ढवळलेले आहे. आपले खारे पाणी गोड्यापेक्षा दोन-अडीच टक्के जड असते. ढवळले नाही आणि नळ अलगद सोडला, तर गोडे पाणी वर तरंगते आणि बुडाच्या तोटीतून आधी खारेच पाणी बाहेर पडते. गंमत म्हणजे तेव्हा वर्गातले ‘५० मिनिटे’ हे उत्तर बरेचसे बरोबर ठरते! आणि तोटी बुडाशी नसून काठाशी असेल, तर तासन्‌तास गोडे पाणी वाहून जाईल आणि मीठ तळाशी जसेच्या तसे राहील.

ढवळणे पुरे होते की नाही, ते शाळेच्या प्रयोगशाळेत तपासता येते. तोटी बसवलेली २० लिटरची बादली, ७०० ग्रॅम मीठ आणि मिनिटाला ०.४ लिटरचा प्रवाह घ्या. ५० हा आकडा तोच राहतो. दर वीस मिनिटांनी तोटीचे १०० मिलिलिटर पाणी घेऊन आटवा आणि उरलेले मीठ तराजूत तोला. आरंभी साडेतीन ग्रॅम भरेल, शंभराव्या मिनिटाला सुमारे अर्धा ग्रॅम. आलेखकागदावर वेळ आणि मिठाच्या वजनाचा log असा आलेख काढा. बिंदू सरळ रेषेत पडले, तर ढवळणे पुरेसे होते. पहिले काही बिंदू आडव्या रेषेत राहून मग एकदम घसरले, तर पाण्याचे थर झाले होते असे समजावे, आणि ढवळणाऱ्या मित्राची कानउघाडणी करावी.