गोळी विषाणूला आवरते, बिडीच्या धुराला नाही

आपल्या वस्तीत एचआयव्हीसह जगणारी अनेक माणसे एआरटी सेंटरमधून दर महिन्याला गोळ्या आणतात आणि रोज ठरल्या वेळी घेतात. व्हायरल लोडचा रिपोर्ट चांगला आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण त्यातले काही जण सेंटरच्या फाटकाबाहेर येताच बिडी पेटवतात. त्यांच्याशी आणि त्यांच्या घरच्यांशी आम्हाला बोलायचे आहे.

डेन्मार्कमध्ये एचआयव्हीचे उपचार मोफत मिळतात. तिथे १९९५ ते २०१० या काळातील सुमारे तीन हजार रुग्णांची माहिती तपासली गेली. पस्तिशीचे दोन रुग्ण घ्या. दोघांनाही एचआयव्ही आहे. धूम्रपान न करणाऱ्याचे आयुष्य सरासरी ७८ वर्षांपर्यंत जाईल, असा हिशेब निघाला. धूम्रपान करणाऱ्याचे मात्र ६३ च्या आतच संपत होते. एचआयव्हीने सुमारे ५ वर्षे हिरावली, धूम्रपानाने १२. आपल्याकडे हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण इशारा तोच आहे.

असे का होते? गोळी विषाणूची वाढ रोखते. तरी शरीरात थोडी सूज मागे राहते आणि ती हळूहळू रक्तवाहिन्यांना इजा करते. धूर हीच सूज वाढवतो. म्हणून हृदयविकार, फुप्फुसाचे आजार आणि कर्करोग यांचा धोका वाढतो. व्हायरल लोडच्या रिपोर्टमध्ये यातले काहीच दिसत नाही. तो रिपोर्ट फक्त विषाणूचा असतो.

दुसरा धोका टीबीचा. धूम्रपानाने टीबी होण्याची शक्यता वाढते, आणि एचआयव्ही असलेल्याला ती आधीच जास्त असते. त्यात बिडी ओढणारा म्हणतो, "हा तर बिडीचा खोकला." इथेच घात होतो. एचआयव्ही असेल तर खोकला दोन दिवसांचा असला तरी सेंटरमध्ये सांगायचा. ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे हेही सांगायचे. लपवू नका.

बिडी सिगारेटपेक्षा हलकी, हा गैरसमज आहे. दहाच्या दोन केल्या म्हणजे झाले, असेही नाही. पूर्ण सोडायची, म्हणून एक तारीख ठरवा. सुरुवातीचे काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही. ती निकोटिनची ओढ असते आणि काही आठवड्यांत ओसरते. निकोटिनची गोळी चघळायची असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. ती सतत चावायची नसते. थोडी चावून गालात धरून ठेवायची. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो.

एआरटीची गोळी मात्र एक दिवसही चुकवू नका. बिडी सुटत नसली तरी गोळी चालूच ठेवा. आणि पुढच्या वेळी सेंटरमध्ये डॉक्टरांना स्वतःहून सांगा, "मी बिडी ओढतो, सोडायची आहे."