अंगाबरोबर बसणारं थर्मल

थर्मलची ऊब कापडाच्या जाडीवर जितकी अवलंबून असते, त्याहून अधिक ती त्यात थांबून राहिलेल्या हवेवर असते. थर्मल सैल असेल तर हात-पाय हलवताना ही हवा गळ्यातून आणि बाह्यांतून निसटते व तिथे गार हवा शिरते. फार घट्ट असेल तर वीण ताणली जाऊन पातळ होते आणि तिच्यातल्या पोकळ्या दबतात. शिवाय मनगटाला नि पोटरीला काच बसतो आणि बोटं गार पडतात. म्हणूनच थर्मल अंगाबरोबर हवं.

हिवाळ्यात उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या ट्रेकला निघालेल्या माणसाचं उदाहरण घेऊ. उंची सुमारे 12,500 फूट, बर्फातली चढण, पाठीवर सॅक. त्याची छाती 92 सेंटिमीटर आहे. आपल्याकडे थर्मलवर बहुधा 85, 90, 95 असे छातीचे आकडे असतात. कापडात इलॅस्टेन असेल आणि ते ओढून सोडल्यावर लगेच पूर्ववत होत असेल, तर 90 चालेल. ताण कमी असेल तर 95 घ्यावं. सॅकखाली स्वेटर जाणार म्हणून 100 घेतलं, तर नेमका घोळ होतो. स्वेटर चढवताना सैल बाही कोपरापर्यंत वर जाते, काखेत कापडाचा गोळा होतो आणि सॅकचा पट्टा त्याच गोळ्यावर दाबून बसतो. सैलपणा हवा तो वरच्या कपड्यांत. मुलांसाठी ‘वाढत्या अंगाचं’ घेण्याची आपली सवयही इथे नडते.

आतले कपडे दुकानात सहसा घालून पाहू देत नाहीत. त्यामुळे छाती, कंबर आणि हिप्सचं माप घरीच टेपने घ्यावं. घरी आणल्यावर लेबल न काढता, रोजच्या आतल्या कपड्यांवरूनच घालून पाहावं. दोन्ही हात वर केल्यावर बनियन पायजम्यातून सुटून येत असेल, तर त्याची लांबी कमी आहे. उकिडवं बसल्यावर पायजमा मागून खाली सरकला किंवा गुडघ्याला ओढ बसली, तर आसन आखूड आहे. ते मांड्यांच्या मध्ये लोंबत असेल, तर चढणीवर पाऊल उचलताना अडतं आणि तिथेच कातडी सोलवटते. गुडघ्यामागे जाड घडी पडत असेल, तर एक माप लहान घालून पाहावं.

कापड उलटं करून शिवणीही तपासाव्यात. खांद्यावर उभी, जाड शिवण सॅकखाली टोचते. चपटी शिवण चांगली. बाहेरची बाजू गुळगुळीत असावी, म्हणजे वरचा शर्ट तिच्यावरून सहज सरकतो. लवदार बाजू आत असावी. चढणीवर घाम येतो, तेव्हा सुती थर्मल भिजून जड होतं आणि लोंबू लागतं. मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर त्यामानाने आकार टिकवतं.

घालताना बनियन पायजम्यात खोचावं आणि मोजे पायजम्याच्या कडेवरून वर ओढावेत. बाहीची कड मुठीत धरूनच स्वेटर चढवावा.