दिंडीतली दुसऱ्याची गोळी

आषाढी वारीला निघण्याआधी आमच्या दिंडीची बैठक होते. तंबूंची वाटणी, ट्रकची वेळ, वर्गणीचा हिशोब आणि स्वयंपाकाच्या पाळ्या ठरल्या की शेवटची दहा मिनिटं औषधांसाठी मिळतात. औषधाच्या दुकानात बसणारा म्हणून ती माझ्या वाट्याला येतात. सर्दी, ताप, जुलाब, पायाचे फोड, सगळ्यावर बोलता येईल. पण मी एकच विषय धरतो. संध्याकाळी तंबूत शेजारच्या माऊलीने प्रेमाने पुढे केलेली गुडघेदुखीची गोळी.

पुण्याहून सासवडचा टप्पा जवळजवळ तीस किलोमीटरचा. त्यात दिवे घाटाची चढण. मुक्कामाला पोचेपर्यंत गुडघे सुजलेले असतात. मग कुणीतरी पिशवी उघडतं. ‘मला डॉक्टरांनी दिली होती, दोन गोळ्यांत आराम पडला,’ असं म्हणत पट्टीची एक गोळी कात्रीने कापून हातावर ठेवली जाते. देणाऱ्याच्या मनात माया असते, घेणाऱ्याला खरंच आराम पडतो आणि त्यामुळेच हा विषय समजावणं अवघड जातं.

या गोळीत बहुतेकदा अ‍ॅसेक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन असतं. ही एकाच कुळातली औषधं. शरीरात सूज आणि वेदना वाढवणारे प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ तयार होतात, ते ही औषधं कमी करतात. पण तेच पदार्थ जठराच्या अस्तराचं रक्षण करतात आणि किडनीत रक्त आणणारी वाट मोकळी ठेवतात. गुडघ्यातले कमी करा आणि किडनीतले राहू द्या, असं गोळीला सांगता येत नाही. म्हणून डॉक्टर ही गोळी देताना वय, बीपी, अ‍ॅसिडिटी, किडनी यांची चौकशी करतात, मोजक्या दिवसांपुरतीच लिहितात आणि सोबत अनेकदा सकाळी उपाशीपोटी घ्यायची पोटाची गोळी देतात. तंबूत वाटली जाते ती फक्त दुखण्याची. पोटाची गोळी, दिवसांची मर्यादा आणि ती चौकशी, तिन्ही घरी राहतात.

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, साठी ओलांडलेल्या एक माऊली आहेत. बीपीसाठी रोज सकाळी एक गोळी घेतात. पट्टीवर टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड अशी दोन नावं आहेत. पहिलं बीपीचं औषध, दुसरं लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं. अशा जोडगोळ्या आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांनी सासवडला शेजारणीची गोळी घेतली, दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ घेतली. रस्त्यात आडोसा मिळत नाही म्हणून बायका पाणी कमी पितात, तसंच त्यांनीही केलं. तिसऱ्या दिवशी जुलाब लागले.

किडनीची गाळणी चालायची तर तिच्यात रक्ताचा दाब टिकावा लागतो. आत येणारा एक नळ आणि बाहेर जाणारा एक नळ, असं समजा. टेल्मिसार्टन बाहेरचा नळ सैल करतं. एरवी ते किडनीला हिताचंच असतं. लघवीची गोळी आणि जुलाब यांनी मुळात पाणीच कमी केलेलं असतं. अशा वेळी किडनी प्रोस्टाग्लँडिनच्या मदतीने आतला नळ जास्त उघडून निभावून नेते. नेमका तोच नळ दुखण्याची गोळी आवळते. आत येणारं कमी, बाहेर जाणारं मोकळं आणि एकूण पाणीही अपुरं. गाळणीतला दाब पडतो. शेजारणीला हीच गोळी सोसली, कारण तिला बाकीच्या दोन गोष्टी नव्हत्या.

यात किडनी दुखत नाही. उलट गोळीमुळे गुडघे बरे वाटतात आणि माणूस आणखी चालतो. लक्ष ठेवायचं ते लघवीवर: सकाळपासून अगदी थोडी झाली, गडद रंगाची झाली, तर थांबायचं. पुढे मळमळ, सुस्ती, पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज, धाप. पायाची सूज चालण्याने आली असं वारीत कुणालाही वाटेल, म्हणून लघवीचा प्रश्न आधी विचारायचा. वेळीच गोळी बंद करून पाणी भरून काढलं तर किडनी बहुतेकदा सावरते. उशीर झाला तर डायलिसिसची वेळ येऊ शकते.

ज्यांना हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू आहे, त्यांचा धोका पोटात असतो. एकादशीचा उपवास, रिकामं पोट आणि त्यावर ही गोळी. जठरातून रक्तस्राव झाला तर शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होतं. ते दिसलं की रात्र काढायची नाही, १०८ ला फोन करायचा.

कापलेल्या तुकड्याबद्दल मला फार तळमळीने सांगावंसं वाटतं. पट्टीवर औषधाचं नाव पसरून छापलेलं असतं, मुदतीची तारीख सहसा एका कडेला असते. एक गोळी कापून दिली की हातात उरतो तो चकाकता चौकोन. त्यावर नावाची दोन अक्षरं असली तर असली. मग बैठकीत एखाद्या पिशवीतून असे तुकडे निघतात, ‘पांढरी अंगदुखीची’, ‘पिवळी कमरेची’ अशा ओळखीचे. दोन्ही त्याच कुळातल्या असू शकतात. शिवाय अशा बऱ्याच जोडगोळ्यांत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉलही असतं. दिवसात अशा तीन घेतल्या, तापासाठी ६५०च्या तीन घेतल्या आणि ५०० पॅरासिटामॉल असलेली सर्दीची गोळी तीनदा घेतली, तर बेरीज ४४२५ होते. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे. किरकोळ अंगाच्या, वयस्कर किंवा यकृताचा आजार असलेल्या माणसाची त्याहून कमी. माणूस म्हणतो, मी तीन वेगवेगळ्या गोळ्या घेतल्या. यकृतापाशी मात्र एकच औषध पोचलेलं असतं.

मग गुडघे दुखले तर करायचं काय? पाय उंच ठेवून विश्रांती, थंड पाण्याची पट्टी आणि अख्ख्या त्वचेवर लावायचं दुखण्याचं जेल. जेलमधलं औषध रक्तात गोळीपेक्षा खूप कमी उतरतं. गोळी लागलीच तर साधी पॅरासिटामॉल ५००, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर ठेवून, आणि दुसऱ्या कुठल्याही गोळीत ती नाही याची खात्री करून. यकृताचा आजार असेल तर तीही विचारूनच. एवढ्याने भागलं नाही तर पालखीसोबतच्या आरोग्य पथकाकडे जायचं, आणि जाताना आपल्या रोजच्या गोळ्यांच्या पूर्ण पट्ट्या दाखवायच्या. नुसतं ‘बीपीची चालू आहे’ म्हणून पुरत नाही, कारण दुसरं नाव हायड्रोक्लोरोथायझाइड आहे की नाही यावर निर्णय बदलतो. जुलाब-उलट्या सुरू झाल्या, पाणी ठरत नसेल, तर बीपीची गोळी एखादा दिवस थांबवायची का हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं. आपल्या मनाने ती सोडू नये आणि तशीच रेटूही नये.

मागच्या आजारातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही पिशवीत असतात. जुलाबांना त्यांची सहसा गरज नसते. ओआरएसची पुडी, तीही पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, हे पहिलं औषध.

आणि ज्यांनी वाटेत चार-पाच दिवस अशा गोळ्या घेतल्या आहेत आणि ज्यांना बीपी, मधुमेह किंवा किडनीचा त्रास आहे, त्यांनी परत आल्यावर लगेच डॉक्टरांना तसं सांगून रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्यावं. आधीचा रिपोर्ट घरात असेल तर सोबत न्यावा. एकट्या आकड्यापेक्षा, तो आधीच्या मानाने किती वाढला आहे, यावरून डॉक्टरांना जास्त कळतं.