बोनस फुकट, राइट्सला पैसे

रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस शेअर दिला. ज्यांच्याकडे १५० शेअर होते त्यांचे ३०० झाले, पण भाव जवळपास निम्म्यावर आला. कंपनीने फक्त गंगाजळीतली रक्कम भागभांडवलाच्या खात्यात वळवली होती. एकूण इक्विटी तेवढीच राहिली, प्रत्येकाचा हिस्साही तेवढाच. त्यामुळे बोनसच्या बातमीवर हुरळून शेअर घेणे मला पटत नाही.

याच कंपनीचा २०२० चा राइट्स इश्यू मात्र वेगळा होता. १५ शेअरमागे १ नवा, १,२५७ रुपयांना. १५० शेअरवाल्याला १० नवे घेण्याचा हक्क मिळाला. किंमत १२,५७० रुपये, तीही हप्त्यांनी. त्यातले शेअरमागे १० रुपये भागभांडवलात, बाकीचे प्रीमियम खात्यात. म्हणजे इक्विटी खरोखर वाढली, सुमारे ५३,१२५ कोटींनी.

पैसे न भरणाऱ्याचे शेअर १५० च राहिले, पण एकूण शेअर वाढल्याने त्याचा हिस्सा सुमारे सव्वासहा टक्क्यांनी आक्रसला. भाव बाजारापेक्षा कमी असल्याने हक्कालाही किंमत होती आणि तो डीमॅट खात्यातून विकता येत होता. अनेकजण तो वाया घालवतात. राइट्सचे पत्र आले की मुदतीआधी पैसे भरा, नाहीतर हक्क विका.