खरूज गेली, मग खाज का?

दिवाळीला होस्टेलवरून मुलगा घरी येतो. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, बेंबीभोवती पुरळ आणि रात्री अंथरुणात शिरलं की खाजवून खाजवून जीव नकोसा. डॉक्टर म्हणतात, खरूज आहे, औषध घरातल्या सगळ्यांनी लावा. आई विचारते, "आम्हाला कुठे खाज येतेय?"

घोळ इथेच होतो. खरजेचा किडा जेमतेम 0.4 मिलिमीटरचा. मादी कातडीच्या अगदी वरच्या थरात बोगदा पोखरत पुढे सरकते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. बारीक, नागमोडी, राखाडी रेघ दिसते ती हीच. अंगभर खाजवणाऱ्या माणसाच्या अंगावर किडे मात्र बहुधा दहा-पंधराच असतात. एवढी खाज येते ती किडे, त्यांची अंडी आणि विष्ठा यांच्या अॅलर्जीमुळे. अंथरुणाच्या उबेत ती आणखी बळावते.

ही अॅलर्जी पहिल्या खेपेला चार ते सहा आठवड्यांनी जागी होते. पुन्हा लागण झाली तर एक-दोन दिवसांतच. तोवर माणूस खाजवत नाही, पण खरूज इतरांना देत असतो. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या शेफिल्डमध्ये केनेथ मेलनबी यांनी, युद्धात लढायला नकार दिलेल्या तरुणांवर त्यांच्या संमतीने खरजेचे प्रयोग केले. रुग्णांचे कपडे घालून, त्यांच्या पांघरुणात झोपूनही फार थोड्यांना खरूज झाली. ती पसरते मुख्यतः अंगाला अंग लागून, म्हणजे एका अंथरुणात झोपणाऱ्या घरात सहज.

म्हणून सगळ्यांनी एकाच रात्री 5 टक्के परमेथ्रिन मलम मानेपासून तळपायापर्यंत लावायचं. नखांखाली, बेचक्यांत, जांघेतही. फक्त खाजतं तिथे नव्हे. आठ ते चौदा तासांनी आंघोळ. मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावा. आठवड्याने दुसरा हात फिरवायचा, कारण पहिल्यातून वाचलेली अंडी तोवर फुटलेली असतात. तान्ह्या बाळांचं आणि गर्भवतींचं डॉक्टरांना विचारून. वापरलेले कपडे, चादरी गरम पाण्यात धुवा. धुता येत नाही ते पिशवीत बांधून तीन दिवस ठेवा, अंगाबाहेर किडा त्याहून फार जगत नाही.

एवढं करूनही खाज दोन ते चार आठवडे राहते. मेलेले किडे कातडीतच असतात, ती गळून नवी येईपर्यंत अॅलर्जी चालूच. घाबरून माणसं रोज मलम चोपडतात, त्याने कातडी कोरडी पडून आणखी खाजते. काखेतल्या, जांघेतल्या गाठी तर कधी काही महिने टिकतात. खाज हळूहळू ओसरत असेल तर खोबरेल तेल आणि डॉक्टरांनी दिलेली खाजेची गोळी पुरे. चार आठवड्यांनंतरही नवं पुरळ, नव्या रेघा उमटत असतील तर मात्र घरातलं कुणीतरी सुटलेलं आहे. तेव्हा पुन्हा डॉक्टरांकडे जा. दुकानातून परस्पर आणलेलं स्टेरॉइडचं मलम खाज दाबतं, किडा मारत नाही.