अळू खाजू नये म्हणून

अळू चिरताना हात खाजतात आणि कच्चा राहिला तर घसा. हा दोष पानाच्या जातीचा, बाजारातल्या भाजीवालीचा की स्वयंपाकाचा, यावर घरोघरी वाद होतात. थोडाबहुत तो तिघांचाही असतो, पण उपाय मात्र एकट्या स्वयंपाकाच्या हातात आहे आणि तो महाराष्ट्र-गोव्यातल्या स्वयंपाकघरांना फार पूर्वी सापडलेला आहे. अळू आंबटात शिजवायचा आणि भरपूर शिजवायचा. फदफद्यात चिंच किंवा ताक चवीसाठी पडतं हे खरंच. पण चव बाजूला ठेवली तरी ते पडायलाच हवं.

अळूच्या पानात आणि देठात काही खास पेशी असतात. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या अतिसूक्ष्म, दोन्हीकडून टोकदार सुया जुडीने भरलेल्या असतात. पान चिरलं किंवा चावलं की पेशी फुटतात आणि सुया बाहेर पडून त्वचेत, जिभेत, घशाच्या नाजूक आवरणात रुततात. नुसत्या टोचण्याने मात्र एवढी आग होत नाही. सुयांच्या पृष्ठभागावर चिकटलेलं एक प्रथिन त्या टोचलेल्या जागी दाह वाढवतं, असं संशोधकांनी दाखवलं आहे. शिजलेल्या पानातही सुया सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, तरी ते पान खाजत नाही, याचं कारण इथेच आहे. उष्णतेने प्रथिन बिघडतं आणि त्याचा दाह करण्याचा गुण जातो.

मग आंबट कशाला? पाण्यात कॅल्शियम ऑक्झलेट जवळपास विरघळत नाही. आम्लात थोडं अधिक विरघळतं. शिवाय आम्ल आणि उष्णता एकत्र आली की प्रथिनं लवकर बिघडतात. याचा अर्थ चिंच टाकली म्हणजे शिजवण्याचा वेळ कमी करावा, असा मुळीच नाही. हवाई बेटांवर अळूची पानं आंबटाशिवाय, पण खूप वेळ उकळून खातात. आपल्याकडे आंबट घातल्याने बाजू अधिक भक्कम होते, एवढंच. आणि कच्च्या पानाला चिंचेचा कोळ चोळून ते खाता येईल, असं तर कोणी चुकूनही समजू नये.

खरी गफलत होते ती आंबट कधी घालायचं यात. फदफद्यात हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे असतात, आणि आंबटात डाळ शिजत नाही, दाणा कडक राहतो. म्हणून बरेच जण सगळं एकत्र शिजवून चिंच अगदी शेवटी घालतात. डाळ मऊ होते, पण पानाला आंबटाचा सहवास मिळतो जेमतेम दोन उकळ्यांचा. त्यावर सोपा तोडगा आहे: कुकरमध्ये दोन वेगळी भांडी लावायची.

चार माणसांच्या फदफद्याचं उदाहरण घेऊ. भाजीच्या अळूची एक मध्यम जुडी घ्यावी, म्हणजे देठांसकट आठ-दहा पानं. भाजीचा अळू फिकट हिरव्या देठाचा. काळपट-जांभळ्या देठाचा, जाड पानाचा तो वडीचा. चिरण्याआधी हाताला तेल किंवा चिंचेचं पाणी चोळावं आणि पानं कोरडी असतानाच चिरावी. देठांवरची साल ओढून काढावी, कारण ती शिजूनही धागेदार राहते. लिंबाएवढी चिंच वाटीभर गरम पाण्यात भिजवून कोळ काढावा. एका भांड्यात चिरलेली पानं, देठ, मूठभर आंबट चुका आणि निम्मा कोळ. दुसऱ्या भांड्यात तीन-चार तास भिजवलेली अर्धी वाटी हरभऱ्याची डाळ, पाव वाटी शेंगदाणे आणि साधं पाणी. चार शिट्ट्या होऊ द्याव्या. झाकण उघडल्यावर पानाचा हिरवा रंग जाऊन ते शेवाळी दिसेल. आम्लाने हिरवा रंग असा बदलतोच, त्यात काही बिघडलेलं नाही.

पानं रवीने घोटावी, दोन चमचे बेसन लावावं. तेलात मोहरी, हिंग, हळद, थोडे मेथीदाणे यांची फोडणी करून त्यात घोटलेला अळू, डाळ-दाणे, उरलेला कोळ, गूळ, मीठ, गोडा मसाला आणि खोबऱ्याचे काप घालून मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं रटरटू द्यावं. भांडं स्टीलचं किंवा कल्हईचं असावं. कल्हई नसलेल्या पितळेत चिंच कळकते.

ताकातल्या फदफद्याचं वागणं वेगळं. ताकाचा आंबटपणा चिंचेपेक्षा बराच सौम्य, त्यामुळे भाजीच्या कोवळ्या अळूला ते पुरतं, खाजऱ्या अळूला नाही. दोन वाट्या आंबट ताकात दोन चमचे बेसन गुठळी न ठेवता कालवावं, आधीच पूर्ण शिजवून घोटलेल्या पानात घालावं आणि ढवळत राहून उकळी आणावी. बेसन नसेल किंवा ढवळणं थांबलं तर ताक फुटतं. ताकाचा आणखी एक उपयोग चिंचेत नाही. अळूत सुयांखेरीज पाण्यात विरघळणारं ऑक्झलेटही असतं. ते घशाला कळत नाही, पण शरीरात शोषलं जातं. ताकातलं कॅल्शियम त्याला बांधून ठेवतं, त्यामुळे शोषण कमी होतं. चुका मात्र हेच ऑक्झलेट स्वतःबरोबर आणतो. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी चुका टाळून ताकातला अळू करावा, पानं एकदा उकळून ते पाणी टाकून द्यावं, आणि तरीही आधी डॉक्टरांना विचारावं.

पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात तेरं येतं, म्हणजे रानातला अळू. त्याचा खाजरेपणा लागवडीच्या अळूपेक्षा बराच जास्त. तिथे ताकाच्या भरवशावर राहू नये. चिंच, कोकम किंवा आंबाडे सढळ हाताने घालून तो गाळ होईपर्यंत शिजवावा. सुरणाचंही तसंच, फोडी चिंचेच्या किंवा कोकमाच्या पाण्यात उकडून घ्याव्या. अळूवडीत हे काम पानांना लावलेल्या बेसनातल्या चिंचेचा कोळ करतो, पण उंडा जाड असला तर वाफ मधल्या घड्यांपर्यंत नीट पोहोचत नाही. वडी वरून खरपूस आणि गाभ्यात खाजरी लागते ती यामुळे. उंडा मध्यम ठेवून वीस-पंचवीस मिनिटं वाफवावा, सुरी स्वच्छ बाहेर येते का पाहावं. तळणं ही वाफेची भरपाई नव्हे.

अळू शिजला की नाही, हे नुसत्या चाखण्याने लगेच कळत नाही, कारण खाज थोड्या वेळाने जाणवते. चमच्याच्या टोकावर घेऊन जिभेला लावावं आणि चार-पाच मिनिटं थांबावं. जीभ चुरचुरली तर भाजी फेकू नये. आणखी कोळ आणि थोडं पाणी घालून पुन्हा पंधरा मिनिटं उकळावी. पानात वाढल्यावर घसा खवखवलाच तर चिंचेचा बुटका, कोकमाचं सार किंवा दही हळूहळू घ्यावं. साधारणपणे खवखव काही वेळात उतरते. ओठ किंवा जीभ सुजली, गिळताना वा श्वास घेताना अडखळू लागलं, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा. लहान मुलाने कच्चं पान चघळलं असेल तर विशेष करून.